मराठी फोनवरचं शून्य: चिडलेल्या व्हॉइस नोटमधून बग रिपोर्ट कसा काढायचा

प्रश्न: मी बेळगावात एका छोट्या कंपनीत दोन महिन्यांपासून सपोर्टला आहे. आमचं सॉफ्टवेअर दुकानदार आणि दूध केंद्रवाले वापरतात. लोक चिडून पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस नोट टाकतात, त्यात शिव्या जास्त आणि माहिती कमी. मी ते टाईप करून डेव्हलपरना पाठवतो, तर उत्तर येतं ‘स्टेप्स द्या’, नाहीतर ‘आमच्याकडे चालतंय’. यातून स्टेप्स, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल काढायचा कसा? एखादं खरं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

उदाहरण माझ्याच हातून गेलेलं सांगतो. निपाणीकडच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. सेक्रेटरी साठीतले, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. अ‍ॅप कुणाचं, केंद्र कुठलं हे सोडून द्या, बाकी सगळं जसं घडलं तसं आहे. त्यांचा व्हॉइस नोट असा होता, थोडा गाळून:

«नमस्कार-चमत्कार काय न्हाई, सरळ सांगतो. तुमचं ते नवीन अपडेट टाकल्यापासनं वाट लागलीया. धा दिवस माणसं दूध घालत्यात, मी एंट्री माराय लागलोय, पावती हातात देतोय, आणि बिल काढाय बसलो तर सकाळचं सगळं शून्य! संध्याकाळचं येतंय, सकाळचं न्हाई. सत्तावीस नंबरवाला दारात येऊन बसलाय, म्हणतोय पैसे खाल्लेस. काय सांगू त्याला? पलीकडं कानडी गावात हेच अ‍ॅप हाय, त्यांचा एक रुपाया हिकडंतिकडं न्हाई. आमच्याच गावाला का? मराठी माणसं बघून मुद्दाम कराय लागलाय काय? त्यो प्रिंटर बी रडतोय, एका पावतीला अर्धा मिनिट. फोन केला तर कुणी उचलत न्हाई. पुतण्या म्हणतोय अ‍ॅप काढून परत घाल, आपोआप नीट हुतंय. काढू काय? संध्याकाळपतोर सांगा, न्हाईतर मी वही काढणार.»

आमच्याकडच्या नव्या मुलानं यावर टिकेट लिहिलं: ‘अपडेटनंतर सकाळच्या एंट्री सर्व्हरवर येत नाहीत. ग्राहक खूप चिडला आहे. अर्जंट.’ बेंगळुरूहून तासाभरात उत्तर आलं: ‘सकाळची एंट्री करून पाहिली, येते. स्टेप्स द्या.’ आणि टिकेट बंद.

त्या मुलाचा दोष म्हणाल तर एकच. त्यानं राग गाळला आणि रागाबरोबर माहितीही गाळली. ‘कानडी गावात चालतंय, आमच्याच गावाला का’ हे वाक्य त्याला राजकारण वाटलं. सीमाभागात असं बोलणं आपण रोज ऐकतो, त्यामुळे कान आपोआप बंद होतात. पण अख्ख्या व्हॉइस नोटमध्ये सर्वात मोलाचं वाक्य तेच होतं, कारण त्यात तुलना आहे. तेच अ‍ॅप एका ठिकाणी चालतं, दुसऱ्या ठिकाणी नाही. काकांनी कारण चुकीचं सांगितलं असेल, पण फरक खरा सांगितला होता. चिडलेला माणूस कारणं मनानं जुळवतो, पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सहसा खोटं सांगत नाही. म्हणून मी व्हॉइस नोट दोनदा ऐकतो. पहिल्यांदा नुसता ऐकतो. दुसऱ्यांदा कागदावर फक्त ते लिहितो, जे त्या माणसानं स्वतः बघितलं: पावती मिळते, बिलात शून्य येतं, संध्याकाळचं बरोबर, पलीकडच्या गावात बरोबर. ‘अपडेटमुळे’ आणि ‘मुद्दाम’ ही दोन्ही कारणं आहेत, ती वेगळ्या बाजूला. खोडायची मात्र नाहीत.

यानंतर फोन. पण प्रश्न विचारण्याआधी एक गोष्ट सांगायची होती, आणि ती तुम्हीही कायम लक्षात ठेवा: «काका, अ‍ॅप काढू नका. डेटा क्लिअर करू नका.» गावात कुठल्याही बिघाडावर हाच उपाय चालतो. या अ‍ॅपमध्ये दहा दिवसांच्या सकाळच्या एंट्री अजून फोनमध्ये होत्या, आणि पावतीवर रक्कम बरोबर छापली जात होती, म्हणजे फोनमधले आकडे शाबूत असणार. अ‍ॅप काढलं असतं तर खरे आकडे फक्त लोकांच्या खिशातल्या पावत्यांवर उरले असते, आणि त्यातल्या निम्म्या तरी चुलीत गेलेल्या असतात.

मग मी त्यांना सगळ्या गावाचं विचारलं नाही. «सत्तावीस नंबरवाल्याचं कालचं सकाळचं दूध, तेवढंच बघू» म्हणालो. एका माणसाचं एक दूध घेतलं की बोलणं आपोआप शांत होतं, कारण आता वाचायला समोर काहीतरी असतं. ‘कधीपासून होतंय’, ‘नेहमी होतंय का’ असं विचारलं की माणूस पुन्हा भाषणावर येतो. «पावती हातात घ्या आणि वरपासून वाचा» म्हटलं की तो वाचतो. काकांनी वाचलं: सभासद सत्तावीस, गाय, साडेचार लिटर, फॅट तीन पूर्णांक सहा, एसएनएफ साडेआठ, दर चौतीस, रक्कम एकशे त्रेपन्न. साडेचार गुणिले चौतीस म्हणजे १५३. पावती बरोबर.

आता मी माझ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या केंद्राचा त्या दिवसाचा अहवाल उघडला. इथे त्या मुलाच्या टिकेटातली दुसरी चूक दिसली. त्यानं लिहिलं होतं ‘एंट्री येत नाहीत’. एंट्री आली होती! सत्तावीस नंबरची ओळ होती, तारीख बरोबर, सकाळ असं लिहिलेलं, गायीचं दूध असं लिहिलेलं. फक्त लिटर, फॅट, एसएनएफ आणि रक्कम या चार रकान्यांत शून्य. ‘येत नाही’ आणि ‘शून्य येतं’ यात डेव्हलपरच्या दृष्टीनं दोन गावांइतकं अंतर आहे. एंट्री गायब असेल तर तो नेटवर्क, सिंक, रांगेत अडकलेलं काहीतरी, असं शोधत जाईल. ओळ आली पण आकडे शून्य असतील तर नेटवर्कचा संबंधच नाही, वाटेत कुठेतरी आकडा वाचता आला नाही. काकांनी स्वतः ‘शून्य’ हाच शब्द वापरला होता. आपण त्याचं ‘येत नाही’ केलं. प्रत्यक्ष निकाल लिहिताना माणसाचा शब्द बदलायचा असेल तर आधी पडद्यावर जाऊन बघा, मगच बदला.

मी त्यांना त्याच सभासदाच्या दोन पावत्यांचा फोटो मागितला, एक सकाळची आणि एक संध्याकाळची, शेजारी शेजारी ठेवून. ही सवय फार उपयोगी पडते: बिघडलेलं आणि न बिघडलेलं एकाच फोटोत. बँक खातं, फोन नंबर असलं काही दिसत असेल तर बोट ठेवून झाकायला सांगायचं. फोटो आला. पाच मिनिटं बघत होतो, काही दिसेना. नावं सारखी, मांडणी सारखी. मग दिसलं. सकाळच्या पावतीवर फॅट होती `३.६`, संध्याकाळच्या पावतीवर `3.4`. सकाळचे आकडे मराठी, संध्याकाळचे इंग्रजी.

मराठी वाचणाऱ्या माणसाला हे दिसतच नाही. आपण दोन्ही आकडे सारख्याच सहजतेनं वाचतो, त्यामुळे काकांनी ते सांगण्याचा प्रश्नच नव्हता आणि मीही पाच मिनिटं आंधळा होतो.

इथं मोह होतो तो लगेच ‘मराठी आकड्यांचा बग’ असं लिहून मोकळं व्हायचा. थांबा. सकाळ आणि संध्याकाळ यात फरक फक्त आकड्यांचा आहे का, हे अजून माहीत नव्हतं. विचारत गेलो तेव्हा कळलं की सकाळी काका स्वतः बसतात, त्यांच्या नव्या फोनवर. संध्याकाळी पुतण्या बसतो, त्याच्या जुन्या फोनवर. नवा फोन नुकताच घेतला, दुकानदारानं भाषा विचारली तेव्हा काकांनी मराठी सांगितली. अ‍ॅप नवीन फोनवर टाकलं म्हणजे आपोआप ताजं व्हर्जन आलं, म्हणून त्यांच्या डोक्यात ‘अपडेट टाकल्यापासनं’. पुतण्याच्या फोनची भाषा इंग्रजी, अ‍ॅप जुनं. म्हणजे सकाळ-संध्याकाळ बदलली की एकदम पाच गोष्टी बदलत होत्या: वेळ, माणूस, फोन, व्हर्जन, भाषा. बेंगळुरूच्या डेव्हलपरनं आपल्या इंग्रजी फोनवर ‘सकाळ’ निवडून एंट्री मारली, ती आली, त्याच्या दृष्टीनं विषय संपला. त्याची चूक नाही. आपण त्याला पाचातली चुकीची एक गोष्ट दिली होती.

म्हणून एकेक गोष्ट सोडवायची. सकाळ की फोन, याचं उत्तर काकांच्या आठवणीतच होतं. मी विचारलं, «या दहा दिवसांत कधी संध्याकाळी तुम्ही बसला होता काय?» म्हणाले, पुतण्या एके दिवशी गोकाकला गेला होता, तेव्हा मीच बसलो होतो. त्या संध्याकाळचा अहवाल उघडला. शून्य. म्हणजे सकाळचा संबंध नाही, काकांचा किंवा त्यांच्या फोनचा आहे. असा प्रयोग आपल्यासाठी आधीच होऊन गेलेला असतो, फक्त विचारावं लागतं. त्यांना ‘आज संध्याकाळी तुमच्या फोनवर एंट्री मारून बघा’ असं सांगणं सोपं होतं, पण तो खऱ्या माणसाचा खरा पैसा आहे. प्रयोगासाठी आणखी एका सभासदाचं दूध शून्य करायचा आपल्याला काही अधिकार नाही. प्रयोग करायचेच तर टेस्ट केंद्राच्या लॉगिनवर, खोट्या सभासदावर.

पुढचं मी ऑफिसातल्या टेस्ट फोनवर केलं. एकच फोन, एकच ताजं व्हर्जन, एकच वायफाय, एकच एंट्री. बदलली ती फक्त फोनची भाषा. इंग्रजीवर बरोबर. कन्नडवर बरोबर. मराठीवर शून्य. आता हिंदी लावून पाहिली, आणि हिंदीवर बरोबर आलं! ही हिंदीची चाचणी मला सर्वात जास्त आवडते, कारण तिनं एक खोटा आरोपी सोडवला. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी. दोष देवनागरी अक्षरांचा असता तर हिंदीतही दिसला असता. फरक आकड्यांचा आहे. अँड्रॉइड फोन भाषांचे नियम ज्या ठरलेल्या यादीतून घेतो, तिच्यात मराठीसाठी मूळ आकडे देवनागरी धरलेले आहेत, तर हिंदी आणि कन्नडसाठी इंग्रजी. म्हणून कानडी गावात हेच अ‍ॅप बिनबोभाट चालत होतं. काकांची तक्रार अक्षरशः खरी निघाली: बिघाड फक्त मराठी फोनवर होता. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. फोनची भाषा मराठी करून अ‍ॅप तपासावं असं कुणाला सुचलंच नव्हतं, एवढंच.

त्यानंतर जुनं व्हर्जनही मराठीवर लावून बघितलं. तिथेही शून्य. म्हणजे अपडेट निर्दोष. हे रिपोर्टात लिहिणं गरजेचं, नाहीतर डेव्हलपर शेवटच्या अपडेटमधले बदल चाळत दिवस घालवतो.

आता रिपोर्ट. मी तो इंग्रजीत लिहिला होता, कारण वाचणारे बेंगळुरूचे. मराठीत साधारण असा होईल:

शीर्षक: फोनची भाषा मराठी असताना केलेल्या एंट्रीचे दशांश आकडे सर्व्हरवर शून्य होतात

स्टेप्स:
1. अँड्रॉइड फोनची भाषा ‘मराठी (भारत)’ करा. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.
2. टेस्ट केंद्राच्या खात्यानं लॉगिन करा.
3. नवीन एंट्री: सभासद `27`, गाय, लिटर `4.5`, फॅट `3.6`, एसएनएफ `8.5`. जतन करा. पावतीवर रक्कम १५३.०० दिसते.
4. सिंक दाबा. ‘सिंक यशस्वी’ येईपर्यंत थांबा.
5. वेबवर त्याच तारखेचा संकलन अहवाल उघडा.

अपेक्षित निकाल: अहवालात पावतीवरचेच आकडे: `4.5`, `3.6`, `8.5`, रक्कम `153.00` (टेस्ट केंद्राच्या दरपत्रकात या फॅट-एसएनएफला दर ३४).

प्रत्यक्ष निकाल: ओळ येते, सभासद नंबर, तारीख, वेळ, प्रकार बरोबर. लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम या चारही ठिकाणी `0`. फोनवर किंवा वेबवर कुठेही चूक दाखवली जात नाही.

किती वेळा: मराठीवर ५ पैकी ५ वेळा शून्य. त्याच फोनवर इंग्रजी, कन्नड, हिंदी प्रत्येकी ३ वेळा, सगळं बरोबर. मागच्या व्हर्जनवरही मराठीत हाच निकाल.

परिणाम: एका केंद्राचं दहा दिवसांचं सकाळचं बिल शून्य. शेतकऱ्यांचे पैसे अडकलेत. फोनमध्ये मूळ आकडे शाबूत आहेत, अ‍ॅप काढू नये असं सांगितलं आहे.

जोडलेलं: दोन पावत्यांचा फोटो, अहवालाचा फोटो, फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि अ‍ॅपचं व्हर्जन.

यात काका कुठे दिसत नाहीत, पण त्यांचं बोलणं जागोजागी आहे. ‘कानडी गावात चालतंय’ हे ‘कन्नडवर बरोबर’ झालं. ‘पावती हातात देतोय’ ही तिसरी स्टेप झाली. ‘पैसे खाल्लेस म्हणतोय’ हा परिणाम झाला. ‘अर्जंट’ हा शब्द मी वापरला नाही. अर्जंट सगळेच लिहितात, त्यानं कुणी हलत नाही. ‘दहा दिवसांचं बिल शून्य’ वाचल्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अपेक्षित निकालाबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिथे नवी मंडळी सर्वात जास्त आळस करतात. ‘बिल बरोबर यायला हवं’ हा अपेक्षित निकाल नाही, ती इच्छा झाली. बरोबर म्हणजे किती? १५३. हे कुणी ठरवलं? दरपत्रकानं. अपेक्षित निकालाच्या मागे काहीतरी टेकू लागतो: दरपत्रक, पावती, करार, आधीचं वागणं. टेकू नसेल तर डेव्हलपर म्हणेल, अ‍ॅप असंच वागायचं ठरलंय, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. काकांच्याच प्रिंटरचं घ्या. ‘पावतीला अर्धा मिनिट लागतं’ याचा अपेक्षित निकाल काय? पुतण्याच्या फोनवरून त्याच प्रिंटरला किती सेकंद लागतात, हे मोजल्याशिवाय मला तो लिहिता येत नव्हता. म्हणून ते टिकेट मी त्या दिवशी टाकलंच नाही.

आणि ते या टिकेटात तर मुळीच घातलं नाही. एका व्हॉइस नोटमध्ये तीन तक्रारी होत्या: शून्य, प्रिंटर, फोन न उचलणं. तिसरी डेव्हलपरची नाहीच, ती मी आमच्या मॅनेजरकडे दिली. तिन्ही एका टिकेटात घातल्या की कुणीतरी सर्वात सोपी दुरुस्त करतो आणि टिकेट बंद करतो. उलट शून्याच्या शोधात एक नवाच दोष सापडला, जो काकांच्या तोंडी नव्हता. सर्व्हरला साडेचारच्या जागी काहीतरी न कळणारं मिळालं, तरी त्यानं मुकाट्यानं शून्य लिहून घेतलं आणि फोनला ‘यशस्वी’ कळवलं. शून्य लिटर, शून्य फॅटचं दूध कुठल्या गायीचं? त्यानं एंट्री परत पाठवली असती तर पहिल्याच सकाळी काकांना कळलं असतं, दहा दिवस गेले नसते. त्यासाठी वेगळं टिकेट.

कारणाचा अंदाज लिहावा का? लिहावा, पण सर्वात शेवटी, आणि अंदाज म्हणूनच. शीर्षकात किंवा स्टेप्समध्ये अंदाज शिरला की वाचणारा त्याच दिशेनं बघतो, आणि अंदाज चुकला तर अख्खा रिपोर्ट खोटा ठरतो. मी शेवटी एक ओळ टाकली होती: ‘पाठवण्याआधी आकडा फोनच्या भाषेत लिहिला जात असावा.’ तसंच निघालं. अ‍ॅपमध्ये ओळ अशी होती:

```java
String.format("%.1f", fat)
```

भाषा न सांगता ही ओळ लिहिली की फोनची भाषा वापरली जाते, आणि मराठी फोनवर तीन पूर्णांक सहाचं `३.६` होतं. पावतीवर छापायला ते छानच. पण तेच सर्व्हरला गेलं. सर्व्हर होता पीएचपीचा, तो अशा मजकुराचा आकडा करायला गेला की तक्रार न करता `0` देतो. सभासद नंबर या ओळीतून जात नव्हता, म्हणून तो वाचला. मशीनला पाठवायच्या आकड्यासाठी दुरुस्ती एवढीच:

```java
String.format(Locale.US, "%.1f", fat)
```

हे तुम्हाला माहीत असायलाच हवं असं नाही. तुमच्या रिपोर्टात ‘मराठीवर शून्य, हिंदीवर बरोबर’ एवढं असलं तरी डेव्हलपर या ओळीपर्यंत चालत येतो. माझ्याकडचा एक मुलगा प्रत्येक रिपोर्टात अर्धं पान कारणमीमांसा लिहायचा आणि अँड्रॉइडचं व्हर्जन विसरायचा. त्यापेक्षा काका बरे.

दुरुस्ती येईपर्यंत काकांना काय सांगायचं हा वेगळाच प्रसंग. सरळ उपाय होता फोनची भाषा बदलणं. मी म्हणालो, तात्पुरती हिंदी करा, आकडे नीट जातील. पलीकडून शांतता. मग, «म्हणजे कानडी चालतंय, हिंदी चालतंय, आणि मराठी चालत न्हाई?» यावर मी काय बोलणार. त्यांनी भाषा बदलली नाही. सकाळीही पुतण्याचा फोन घेऊन बसले. डेव्हलपरना हेही कळवलं: तात्पुरता उपाय आहे, पण ग्राहकाला मान्य नाही. मान्य नसलेला उपाय टिकेटात नुसता ‘उपाय उपलब्ध’ म्हणून लिहिला तर ते टिकेट रांगेत मागे ढकललं जातं.

कधी कधी इतकं करूनही तुमच्याकडे बिघाड पुन्हा घडत नाही. तेव्हा स्टेप्स रचून लिहू नका. काय काय करून पाहिलं, कुठे घडलं नाही, त्या माणसाच्या फोनवर शेवटचं नेमकं केव्हा घडलं, मिनिटापर्यंत, हे द्या. सर्व्हरच्या नोंदी वेळेवरून शोधता येतात. ‘परवा सकाळी’ म्हटलं तर कुणी शोधत नाही, ‘मंगळवारी ६ वाजून ४२ मिनिटांनी, सभासद २७’ म्हटलं तर शोधतात. पावतीवर वेळ छापलेली असते, ती कामाला येते.

दुरुस्त व्हर्जन आलं तेव्हा मी त्याच पाच स्टेप्स, त्याच आकड्यांनी पुन्हा केल्या. मराठीवर अहवालात १५३ आले. इंग्रजी आणि कन्नडही पुन्हा तपासले, कारण दुरुस्ती कधी कधी चालतं ते मोडते. पावती बघितली, तिच्यावर आकडे अजून मराठीच होते, आणि ते तसेच राहावेत असं मी टिकेटात मुद्दाम लिहिलं होतं. मग काकांच्या फोनवरच्या जुन्या एंट्री पुन्हा पाठवण्याची सोय डेव्हलपरनी करून दिली. सत्तावीस नंबरच्या दहा सकाळी पावत्यांशी एकेक जुळवून घेतल्या, फोनवर, ते वाचत होते आणि मी पडद्यावर बघत होतो. एका दिवशी पाच रुपयांचा फरक आला. तो बगचा नव्हता, काकांनीच त्या दिवशी पावती दिल्यावर फॅट सुधारली होती.

सर्व्हरच्या मुकाट शून्याचं टिकेट मात्र आणखी काही आठवडे उघडं राहिलं. मी ते सोडलं नाही, कारण जुनं व्हर्जन असलेला आणखी एखादा मराठी फोन खानापूरकडं कुठल्या तरी केंद्रात असणारच होता. सर्व्हर शून्य नाकारायला लागला त्या आठवड्यात तसे दोन सापडले.